सळईवरचा आयएसआय शिक्का खरा आहे का? बीआयएसकडूनच खात्री कशी करावी

घर बांधताना लोखंडाच्या दुकानात दोन कागद हमखास पुढे केले जातात. एक असते कंपनीचे आयएसओ ९००१ चे रंगीत प्रमाणपत्र आणि दुसरे मालासोबत आलेले टेस्ट सर्टिफिकेट. सळई घेणाऱ्याला ज्याची खात्री हवी, ते या दोन्हींत नसते. आयएसओ ९००१ कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळते, सळईला नव्हे. टेस्ट सर्टिफिकेट तर कारखाना स्वतःच देतो. सळईचे प्रमाणीकरण म्हणजे आयएसआय मार्क. तो भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस देते, आणि आरसीसीच्या सळईला तो कायद्याने सक्तीचा आहे. तेव्हा विचारायचे ते बीआयएसलाच.

पहिले काम मालाजवळ उभे राहून करायचे. गाडी आली की बंडल सोडण्याआधी त्याला तारेने बांधलेल्या टॅगचा स्वच्छ फोटो काढा. सेंटिंगवाले बंडल सोडले की टॅग तिथेच टाकून देतात आणि मग हातात काहीच उरत नाही. टॅगवर आयएसआयचे चिन्ह असते. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, म्हणजे सळईसाठी IS 1786, आणि खाली CM/L ने सुरू होणारा लायसन्स क्रमांक असतो. यांतला एक जरी क्रमांक नसेल, तर नुसत्या चिन्हाला अर्थ नाही. सोबत उत्पादकाचे नाव, ग्रेड, जाडी आणि हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीतून ज्या खेपेत निघाले त्या खेपेचा क्रमांक, लिहून घ्या. सळईवरच उठवलेले ब्रँडचे नावही टिपा. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लायसन्सच्या फोटोवरून क्रमांक घेऊ नका. जो माल तुमच्या दारात उतरणार आहे, त्याच्या टॅगवरचाच क्रमांक तपासायचा.

आता मोबाइलवर बीआयएसचे अधिकृत ॲप BIS Care उघडा. ते अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्यावे. टॅगवर किंवा पत्रकावर क्यूआर कोड असला तरी खात्रीसाठी तो वापरू नका. तो छापणाऱ्याला जिथे न्यायचे आहे तिथेच तो तुम्हाला नेईल. ॲपमध्ये लायसन्स तपासण्याची सोय आहे, तिथे CM/L क्रमांक टाका. एक आकडा चुकला तरी दुसऱ्याच कारखान्याची माहिती समोर येऊ शकते, म्हणून क्रमांक दोनदा वाचावा.

बहुतेक जण इथे घाई करतात. पडद्यावर काहीतरी नाव आले की ‘लायसन्स खरे आहे’ म्हणून मोबाइल खिशात. पण नकली टॅग छापणारा क्रमांक मनाने कशाला रचेल? तो दुसऱ्या कुणाचा तरी खरा क्रमांक उचलतो. म्हणून आलेली माहिती टॅगशी ओळीने ताडून पाहायला हवी. आधी मानक पाहा: ते IS 1786 च हवे. लायसन्स खरे, पण भलत्याच वस्तूचे, असेही असू शकते. मग उत्पादकाचे नाव आणि कारखान्याचा पत्ता पाहा. बीआयएसचे लायसन्स ब्रँडला मिळत नाही, ठरावीक जागेवरच्या कारखान्याला, ठरावीक मानकासाठी मिळते. एकाच कंपनीचे दोन कारखाने असतील तर लायसन्सही दोन असतात. त्यानंतर लायसन्सची स्थिती आणि मुदत. ते चालू आहे, स्थगित आहे, मुदत संपली आहे की रद्द झाले आहे, हे कळते. शेवटी लायसन्सची व्याप्ती, म्हणजे कोणत्या ग्रेड आणि कोणत्या जाड्या त्यात बसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, लातूरजवळच्या गावात घराच्या कॉलमसाठी चार सुताची, म्हणजे १२ एमएमची सळई मागवली. टॅगवर आणि सळईवर नामांकित ब्रँड, ग्रेड Fe 500D. ॲपमध्ये क्रमांक टाकल्यावर मात्र जालन्याच्या एका रोलिंग मिलचे नाव आले. लगेच फसवणूक झाली असे समजू नये. मोठे ब्रँड आपल्या नावाने दुसऱ्या मिलकडून सळई रोल करून घेतात, आणि जालन्यात अशा मिल पुष्कळ आहेत. तेव्हा टॅगवर उत्पादक म्हणून त्याच मिलचे नाव आहे का, ते पाहायचे. असेल, तर ब्रँडच्या कंपनीला फोन करून ‘ही मिल तुमच्यासाठी माल काढते का’ असे विचारायचे. टॅगवर मिलचे नावच नसेल, तर माल उतरवून घेऊ नये.

आता समजा नाव जुळले, लायसन्सही चालू आहे, पण व्याप्तीत फक्त Fe 500 आहे, Fe 500D नाही. हा फरक दुकानात ‘एकच आहे हो’ म्हणून उडवून लावला जातो. तो एकच नाही. तुटण्याआधी Fe 500 सळई किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, Fe 500D किमान १६ टक्के. भूकंपात कॉलम तगतो तो सळईच्या याच ताणले जाण्यामुळे. इंजिनिअरने D लिहिले असेल, तर D चीच खात्री झाली पाहिजे. ज्या ग्रेडचे लायसन्स नाही, तिच्यावर शिक्का मारण्याचा अधिकार त्या कारखान्याला नाही.

सगळे जुळले तरी एवढेच सिद्ध होते की असा परवानाधारक कारखाना आहे. हे बंडल त्याच्याच दारातून निघाले, हे बीआयएसची नोंद सांगत नाही. त्यासाठी टॅगवरचा हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळवा. मग कारखान्याला फोन करून त्या हीटचा माल त्या दुकानदाराला गेला का, ते विचारा. ॲपमधल्या नाव-पत्त्यावरून कारखान्याचा फोन स्वतः शोधा, सर्टिफिकेटवर छापलेल्या नंबरावर विसंबू नका.

जोडीला वजन करून पाहायला हरकत नाही. १२ एमएमची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण १०.६६ किलोची. मानकात एका सळईला ६ टक्क्यांपर्यंत कमी चालते, त्यामुळे १० किलोच्या खाली गेलेली सळई शंकास्पद समजावी. लांबी मात्र टेपने मोजून घ्यावी, कारण सळई १२ मीटरपेक्षा थोडी आखूडही येते.

ताळमेळ बसला नाही तर दुकानदाराशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. BIS Care मधूनच तक्रार करता येते. मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या बीआयएस शाखांकडेही लेखी कळवता येते. तक्रारीत टॅगचा फोटो, सळईवरच्या नावाचा फोटो, बिल आणि ॲपमध्ये दिसलेल्या माहितीचा स्क्रीनशॉट जोडा. बिलावर नुसते ‘स्टील’ असे लिहून घेऊ नका. उत्पादक, ग्रेड आणि जाडी लिहून मागा, नाहीतर तो माल त्याच दुकानातून आला हेच दाखवणे अवघड जाते. उत्तर येईपर्यंत ते बंडल बाजूला ठेवा आणि त्यातल्या एक-दोन सळया न कापता राखून ठेवा. काँक्रीट ओतल्यावर तपासायला काहीच हाती राहत नाही.