दिव्यांग मुलाच्या भावंडाशी राग, मत्सर आणि पुढच्या जबाबदारीबद्दल कसं बोलावं

उदाहरणादाखल एक घर घेऊ. दादा चौदा वर्षांचा, त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, मोजकेच शब्द बोलतो. बहीण अकरा वर्षांची, सहावीत. दिवाळीत तिने अंगणात किल्ला केला. शेजारच्या फटाक्यांच्या आवाजाने दादा बिथरला, धावत बाहेर आला आणि किल्ला तुडवून गेला. आईबाबा त्याला शांत करायला धावले. मुलगी ओरडली, "तुम्ही त्याला कधीच रागवत नाही. मला हा भाऊ नकोच होता!"

आधी माहिती द्या

भावनांबद्दल बोलण्याआधी मुलीला नेमकं काय माहीत आहे ते विचारा. मोठ्यांनी सांगितलं नाही, तर मुलं स्वतःच उत्तरं जुळवतात. 'मी त्याच्यावर चिडले म्हणून तो असा झाला' किंवा 'मलाही हे होईल' असं पाच-सहा वर्षांच्या मुलांना अगदी खरं वाटतं, आणि ही भीती ती आपणहून सांगत नाहीत. म्हणून त्रासाचं नाव घ्या आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: हे कुणाच्या चुकीमुळे झालेलं नाही, ते संसर्गाने होत नाही, आणि दादाला काय जड जातं. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: "दादाच्या मेंदूला आवाज आपल्यापेक्षा खूप मोठे वाटतात. घाबरला की तो पळतो, तेव्हा वाटेत काय आहे ते त्याला दिसत नाही."

मैत्रिणीने "तुझा दादा असा का करतो?" असं विचारलं तर काय सांगायचं, तेही दोघींनी मिळून ठरवून ठेवा. एक वाक्य तयार असलं की मुलं मैत्रिणींना घरी बोलवायला कचरत नाहीत.

बोलण्याची वेळ राखून ठेवा

'आज सविस्तर बोलू' म्हणून समोर बसवलं की मुलं गप्प होतात. हात कामात असताना जास्त बोलतात: मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर मागे बसून. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तिच्या एकटीची ठेवा आणि त्या वेळात दादा दुसऱ्या कुणाकडे असू द्या. दादाच्या थेरपीमुळे वेळ चुकली तर 'नंतर बघू' म्हणू नका, नवा दिवस आणि वेळ सांगा. तिने आतापर्यंत बऱ्याचदा 'नंतर'च ऐकलेलं असतं.

राग आला की आधी तो ऐका

"असं बोलू नये, त्याला कळत नाही गं. तू शहाणी आहेस ना?" हे वाक्य प्रत्येक घरात तोंडावर येतं. मायेपोटीच येतं, पण मुलीच्या कानावर 'तुझा राग चुकीचा आहे' एवढंच पडतं, आणि पुढच्या वेळी ती बोलतच नाही.

किल्ल्याच्या वेळी आई असं म्हणू शकते: "इतकं खपून केलास आणि सगळा मोडला. राग येणारच." मग थांबायचं. घाईने पुढचं वाक्य जोडायचं नाही. थोड्या वेळाने: "आम्ही दोघं त्याच्याकडे धावलो, तुझ्याकडे कुणीच आलं नाही, असं झालं ना?" इथे मुलगी बहुधा रडते, किंवा जुन्या तक्रारी काढते. काढू द्या. 'मला भाऊ नकोच' हे वाक्य त्या क्षणाचं असतं. त्यावर "असं म्हणतेस? मग तो गेला तर?" असा प्रश्न कधीच टाकू नका, त्यातून अपराधी भावना येते आणि ती फार दिवस टिकते.

दादाला काय झालं होतं, हे त्या क्षणी समजावू नका, संध्याकाळी सांगा. आणि बोलणं तिथेच सोडू नका, कारण मत्सराच्या मुळाशी बऱ्याचदा खरोखरचा अन्याय असतो. बाबांनी तिच्याबरोबर बसून किल्ला पुन्हा उभारावा, गच्चीवर किंवा कडी लागणाऱ्या ठिकाणी. दादाला जमेल तेवढं काम त्यालाही द्यावं, मातीची बादली आणण्याचं वगैरे. मोडलेलं सावरायला त्यानेही हातभार लावला, हे तिला दिसलं पाहिजे. तिच्या वस्तूंसाठी कुलपाचं कपाट, त्याची किल्ली तिच्याकडे, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय आहे.

रागाला मुभा आहे, मारण्याला नाही, हा नियम मात्र दोन्ही मुलांना सारखाच लावा.

गप्प मुलाकडे जास्त लक्ष द्या

चिडणारं मूल निदान कळवतं तरी. कधीच हट्ट न करणारं, स्वतःचं दुखणं लपवणारं, नव्वद टक्के मिळाले तरी 'कमी पडले' म्हणणारं मूल पाहुण्यांच्या कौतुकाचा विषय होतं आणि आत कुढत राहतं. वारंवार पोट दुखणं, झोप उडणं, शाळा टाळणं, मैत्रिणी तोडणं हे दोन-तीन आठवडे चाललं तर समुपदेशकाला भेटा. 'मीच नसते तर बरं' असं काही बोलली, तर वाट पाहू नका. टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

पुढच्या जबाबदारीबद्दल बोला

त्याच दिवाळीत भाऊबीजेला औक्षण झाल्यावर कुणी आत्या, मावशी सहज म्हणते, "आईबाबांनंतर तूच गं त्याची आई!" सगळे हसतात. मुलीच्या डोक्यात मात्र ते बसतं. तिथल्या तिथे, तिच्यासमोर, शांतपणे उत्तर द्या: "ती त्याची बहीण आहे. त्याच्या पुढच्या सोयीचं आम्ही बघतोय."

त्या रात्री तिला विचारा, "आत्या म्हणाली त्याने तुला काय वाटलं?" 'तुम्ही गेल्यावर मला नोकरीसाठी बाहेर जाता येईल का?', 'माझ्याशी लग्न कोण करेल?' असे प्रश्न अकराव्या वर्षीही येतात. "आत्तापासून कशाला विचार करतेस?" म्हणून ते उडवून लावू नका. सांगता येईल असं: "दादाची व्यवस्था लावणं हे आमचं काम आहे. मोठी झालीस की तुला किती आणि कशात मदत करायची आहे ते आम्ही विचारू. तेव्हा नाही म्हणालीस तरी चालेल, आणि उत्तर नंतर बदललंस तरी चालेल." हे मनापासून पटलं असेल तरच बोला. आईला एक वाटतं आणि बाबांना दुसरं, असं असेल तर आधी दोघांनी आपसात ठरवा.

शब्दांच्या मागे काम हवं. दादाची एक फाइल करा: यूडीआयडी हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, औषधं, डॉक्टर, बँकेचे कागद, तो काय खातो, कशाने शांत होतो. शेवटच्या पानावर बहिणीला हवं तर तिला लिहू द्या. तिला माहीत असलेल्या काही गोष्टी आईबाबांनाही माहीत नसतात.

ती सोळा-सतरा वर्षांची झाली की कागदपत्रांच्या बोलण्यात तिला घ्या. मुलाला अठरा पूर्ण झाली की आईबाबांचं कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमता येतो. आईबाबांना स्वतःसाठी हा अर्ज करता येतो, भावंडालाही करता येतो. अशा पालकावर देखभालीची किंवा मालमत्तेची जबाबदारी येते, मालमत्तेची यादी आणि दरवर्षीचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून मुलीचं नाव पुढे सुचवायचं असेल, तर आधी हे सगळं तिला वाचून दाखवा आणि उत्तर द्यायला महिनाभर वेळ द्या.