एक आठे, एक तठे : गेटवरच्या रांगेतून शिकलेली पॉसाँ प्रक्रिया

एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी मी धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या गेटवर जाऊन बसलो. दिवाळी नुकतीच झाली होती, कापसाचा हंगाम भरात होता. गाड्या दोन रस्त्यांनी यायच्या, काही चोपड्याकडून, काही एरंडोलकडून. गेटमधून आत शिरल्या की त्या पुन्हा दोन वजनकाट्यांवर वाटल्या जायच्या. म्हणजे दोन प्रवाह एकत्र येतात आणि पुन्हा फुटतात. पुस्तकात हे प्रकरण दोन पानांत संपतं. माझा प्रकल्प मात्र याच जागी महिनाभर अडला. नवीन विद्यार्थ्यांना तीच जागा नीट दाखवायची आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून देतो.

आधी एकत्र येणं पाहू. समजा, चोपड्याकडून तासाला सरासरी 8 गाड्या येतात आणि एरंडोलकडून 12. दोन्हीकडे गाड्यांचं येणं ही पॉसाँ प्रक्रिया आहे, म्हणजे दोन गाड्यांमधली अंतरं एकमेकांपासून स्वतंत्र आणि घातांकी वितरणाची आहेत, आणि एका रस्त्यावरच्या येण्याजाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. आता गेटवर उभं राहून विचारा, पुढचे t तास एकही गाडी न येण्याची संभाव्यता किती? त्यासाठी दोन्ही रस्ते रिकामे राहिले पाहिजेत. दोन्ही स्वतंत्र असल्यामुळे गुणाकार करायचा:

```
e^(-8t) × e^(-12t) = e^(-20t)
```

गेटवरचं अंतरही घातांकीच निघालं. दर तासाला 20, म्हणजे सरासरी 3 मिनिटांनी एक गाडी. पुढची गाडी चोपड्याकडची असण्याची शक्यता 8/20, म्हणजे 0.4. मागच्या पाच गाड्या एरंडोलच्या आल्या म्हणून "आता चोपड्याची पाळी" असं काही नसतं. गाडीला किती वेळ लागला यावरूनही ती कुठली हे ओळखता येत नाही. ही शेवटची गोष्ट मला बरेच दिवस पटत नव्हती. वहीत चोपड्याच्या गाड्यांपुढे खूण करून, त्यांच्या आधीची अंतरं वेगळी काढून पाहिली, तेव्हा पटली. त्यांचीही सरासरी 3 मिनिटांच्याच आसपास येत होती.

इथे "स्वतंत्र" हा शब्द फार जपून वापरायला हवा. एकाच गावातले तीन-चार शेतकरी ठरवून सकाळी सोबत निघाले, तर गाड्या झुंडीने येतात. मग अंतरं एक तर अगदी लहान किंवा खूप मोठी दिसतात, मधली कमी. आणखी एक चूक मी सुरुवातीलाच केली होती, वेळ फक्त मिनिटात लिहीत होतो. सरासरी अंतर 3 मिनिटं असताना 28 टक्के अंतरं एका मिनिटाच्या आतली असतात, त्यामुळे वहीत शून्यच शून्य जमले. पहिले दोन दिवस वाया गेले. तुम्ही सेकंद लिहा.

आता फुटणं. आत आलेल्या 10 गाड्यांपैकी सरासरी 3 ट्रॅक्टर-ट्रॉली आणि 7 छोट्या, म्हणजे पिकअप, छोटा हत्ती वगैरे, असं धरू. प्रत्येक गाडी कुठल्या प्रकारची हे बाकीच्या गाड्यांवर अवलंबून नाही, जणू प्रत्येक वेळी नवं नाणं उडतंय. तर ट्रॅक्टरांचा प्रवाह तासाला 6 दराची पॉसाँ प्रक्रिया होते आणि छोट्या गाड्यांचा 14 दराची. इथवर कुणालाही पटतं. न पटणारी गोष्ट पुढे आहे. हे दोन प्रवाह एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एका तासात ट्रॅक्टर जास्त आले, म्हणून छोट्या गाड्या कमी किंवा जास्त येतील असा अंदाजच बांधता येत नाही.

माझा पहिला विचार हा होता की एकूण गाड्या ठरलेल्या आहेत, ट्रॅक्टर वाढले तर छोट्या कमी व्हायलाच हव्यात. चूक "ठरलेल्या" या शब्दात आहे. तासाभरात 20 गाड्या आल्या हे आधी कळलं असेल तर खरंच तसं होतं, 9 ट्रॅक्टर म्हणजे 11 छोट्या. पण एकूण संख्या स्वतःच बदलती आहे. ट्रॅक्टर जास्त दिसले की एक मन म्हणतं, "आज गर्दी आहे, छोट्याही जास्त असतील", आणि दुसरं मन म्हणतं, "ट्रॅक्टरांनी जागा खाल्ली, छोट्या कमी असतील". या दोन्ही ओढी नेमक्या सारख्या जोराच्या असतील तरच संबंध शून्य होतो. एकूण संख्येची सरासरी m, प्रसरण V, ट्रॅक्टरचा वाटा p आणि छोट्यांचा q धरला, तर दोन्ही संख्यांचं सहप्रसरण एवढंच येतं:

```
pq (V − m)
```

पॉसाँमध्ये प्रसरण आणि सरासरी सारखीच, म्हणून उत्तर शून्य. शून्य सहप्रसरणावरून पूर्ण स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. त्यासाठी संयुक्त संभाव्यता मांडून तिचे दोन गुणक सुटे करावे लागतात, आणि पॉसाँमध्ये n! कटून ते खरंच सुटे होतात. पण का, हे मला या छोट्या सूत्राने कळलं. शिवाय ते तपासणीला उपयोगी पडतं. गाड्या झुंडीने येत असतील तर V मोठं, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या सोबत वाढताना-घटताना दिसतात. वेळ देऊन, टोकन देऊन गाड्या बोलावल्या तर V लहान, आणि एक वाढला की दुसरा कमी होतो.

आता माझ्या अडण्याची गोष्ट. काट्यांवर गाड्या प्रकार पाहून जात नव्हत्या, दोन्ही काट्यांवर कुठलीही गाडी चालायची. दोन्हीकडे जवळजवळ सारख्या गाड्या जातात हे मी मोजलं होतं, म्हणून p = 0.5 धरून प्रत्येक काट्यावर तासाला 10 दराची पॉसाँ प्रक्रिया असं बिनदिक्कत लिहून टाकलं. मग काट्यावरची अंतरं मांडली, तर आलेख जुळेना. घातांकी वितरणाचा आलेख शून्याजवळ सर्वात उंच असतो. माझा शून्याजवळ खाली होता, मध्ये उंच चढत होता आणि मग उतरत होता. दर बरोबर, सरासरी अंतर 6 मिनिटं बरोबर, तरी आकार वेगळाच. मी आधी वहीवर संशय घेतला, मग घड्याळावर.

शेवटी गेटवरच्या आप्पांना विचारलं, गाडी कुठल्या काट्यावर पाठवायची हे कसं ठरवता? ते म्हणाले, "एक आठे, एक तठे." म्हणजे एक इकडे, एक तिकडे, आळीपाळीने, म्हणजे कुणाची तक्रार नको.

हेच उत्तर होतं. निम्म्या गाड्या जाणं वेगळं आणि प्रत्येक गाडीची निम्मी शक्यता असणं वेगळं. आळीपाळीत या काट्यावर आत्ता गाडी आली, तर पुढची नक्की पलीकडे जाणार. म्हणून इथलं अंतर हे गेटवरच्या दोन अंतरांची बेरीज असतं, 3 मिनिटं सरासरीची दोन घातांकी अंतरं जोडून, म्हणजे दोन टप्प्यांचं एरलँग वितरण. नाणं उडवून वाटलं असतं तर सरासरी 6 आणि प्रमाण विचलनही 6 मिनिटं. आळीपाळीत सरासरी 6, पण विचलन 4.24. एका मिनिटाच्या आत पुढची गाडी येण्याची शक्यता नाण्याने 15 टक्के, आळीपाळीने साडेचार टक्क्यांच्याही किंचित खाली. आलेखाचं डावं टोक म्हणूनच खाली बसलं होतं.

संगणकावर हे दोन मिनिटांत पाहता येतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
t = np.cumsum(rng.exponential(3, 100000))
nane = rng.random(t.size) < 0.5
a = np.diff(t[nane])
b = np.diff(t[::2])
print(a.std()/a.mean(), b.std()/b.mean())
```

पहिला आकडा 1 च्या जवळ येतो, दुसरा 0.71 च्या. विचलन भागिले सरासरी, हे एकच गुणोत्तर काढण्याची सवय लावून घ्या. 1 च्या बरंच खाली असेल तर मध्ये कुणीतरी पाळी लावतंय, वर असेल तर झुंडी आहेत किंवा दिवसभराचा दर बदलतोय. दर बदलणं सहज नजरेतून सुटतं. सकाळची गर्दी आणि दुपारची शांतता एकाच ढिगात टाकली, तर दोन्ही वेळा पॉसाँ असूनही गुणोत्तर 1 च्या वर जातं. म्हणून तास-दीड तासाचे तुकडे वेगवेगळे तपासा. आणि थोड्या नोंदींवर निकाल देऊ नका. खरी घातांकी अंतरं n असतील तर हे गुणोत्तर साधारण 1/√n इतकं इकडेतिकडे हलतं. एका काट्यावर चार तास बसून 40 अंतरं मिळाली, तर 0.16 ची हालचाल नुसत्या योगायोगाने होते आणि 0.71 पुरेसं ठाम ठरत नाही. 100 अंतरांवर ती 0.1 होते, तेव्हा बोलता येतं. त्यासाठी मी एकाच काट्यावर तीन दिवस बसलो.

फरक कागदापुरता नाही. काट्यावर एका गाडीला सरासरी साडेचार मिनिटं लागतात आणि तो वेळही घातांकी आहे असं धरलं, तर नाणं उडवून वाटलेल्या गाडीला रांगेत सरासरी साडेतेरा मिनिटं थांबावं लागतं. आळीपाळीत तेच साधारण 9.4 मिनिटं होतं. काटे तेच, गाड्या तेवढ्याच. वजनाचा खरा वेळ घातांकी नसतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, पण आळीपाळीची रांग लहान राहते ही दिशा तीच राहते. पॉसाँ गृहीत धरून मी जो अहवाल लिहिला होता त्यात प्रतीक्षा फुगवून दाखवली गेली होती, आणि जिनिंगच्या मालकांना मी तिसरा काटा सुचवणार होतो. ते पान काढून टाकलं.

तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं, दोन्ही काट्यांवरचे प्रवाह पॉसाँ नाहीत, मग ते पुन्हा एकत्र केले तर काय मिळेल? मी क्षणभर गडबडलो आणि मग गेट आठवलं. एकत्र केले की गेटवरच्याच गाड्या परत मिळतात, तासाला 20 ची चोख पॉसाँ प्रक्रिया. इथे दोन प्रवाह स्वतंत्र नाहीत आणि एकेकटे पॉसाँही नाहीत, तरी बेरीज पॉसाँ आहे. म्हणजे बेरीज तपासून तुकड्यांबद्दल काहीच ठरवता येत नाही. वही घेऊन बसायचं असेल तर गेटवर एक माणूस आणि प्रत्येक काट्यावर एक माणूस, असे तिघं बसा. आम्ही दुसऱ्या वेळी तसंच बसलो.