हार्ट अटॅकनंतर चौथ्या दिवशी रुग्ण अचानक बिघडला? या चुका टाळा

अटॅक येऊन तीन-चार दिवस झालेत. छातीतलं दुखणं थांबलंय, रुग्ण उठून बसून चहा पितोय, घरचे डिस्चार्ज कधी म्हणून विचारताहेत. मग अचानक धाप लागते, बीपी खाली येतं, हातपाय गार पडतात. अशा वेळी वॉर्डात ठरलेली निदानं पुढे येतात: पुन्हा अटॅक आला, पंप कमी पडतोय, नाहीतर न्यूमोनिया झाला. बऱ्याचदा त्यातलंच एक बरोबर निघतं. पण हृदय आतून कुठेतरी फाटलंय, ही शक्यता कुणी उच्चारलीच नाही, तर ती तपासलीही जात नाही.

फाटण्याच्या जागा तीन. मायट्रल झडपेला दोऱ्यांनी खाली धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू, दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा आणि डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत. तिन्हींचं मूळ कारण एकच. रक्त न मिळाल्यामुळे मेलेला स्नायू पांढऱ्या पेशी खाऊन साफ करत असतात आणि त्या जागी बळकट व्रण तयार व्हायला अजून अवकाश असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास ही जागा सगळ्यात मऊ असते. काही रुग्णांत मात्र पहिल्या २४ तासांतच फाटतं, त्यामुळे 'आज दुसराच दिवस आहे' म्हणून निर्धास्त राहता येत नाही. अँजिओप्लास्टी वेळेवर होऊ लागल्यापासून तिन्ही मिळून हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलंय. म्हणूनच अनेक डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिलेलंच नसतं.

चूक: 'पहिलाच अटॅक आहे, लहानसा आहे'

इथे उलटा हिशेब असतो. ज्याला वर्षानुवर्षं अंजायना आहे, त्याच्या हृदयात रक्ताच्या आडवाटा तयार झालेल्या असतात. ज्याला आधी कधीच काही झालं नाही, त्याची एक नळी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला भाग आरपार मरतो. वय जास्त, बाई, पहिलाच अटॅक, आणि 'पित्त झालंय' म्हणत घरी काढलेला एक-दोन दिवसांचा उशीर, असं सगळं जुळून आलं की तो रुग्ण पहिल्या आठवड्यात नजरेआड करू नये.

आता एक रुग्ण पाहू. ही कोणी एक व्यक्ती नव्हे, अशा रुग्णांवरून बेतलेलं उदाहरण आहे. ६६ वर्षांच्या बाई, मधुमेह, पोटात जळजळ आणि घाम म्हणून घरीच अँटासिड घेतलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ३० तास उलटले होते. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. दुखणं थांबलं होतं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची वेळ निघून गेली होती, म्हणून बाकीची औषधं सुरू केली. चौथ्या दिवशी पहाटे त्या एकदम उठून बसल्या. "मला आडवं करू नका गं," एवढंच सुनेला म्हणाल्या. नाडी १२४, बीपी ८४/६०, ऑक्सिजन ८२ टक्के, दोन्ही फुफ्फुसांत बुडबुड आवाज.

चूक: मर्मर नाही, म्हणजे झडप ठीक

स्टेथो लावला. धाप आणि फुफ्फुसांचा आवाज यापलीकडे फार काही ऐकू येईना. 'मर्मर नाही' अशी नोंद झाली. टूडी इको झाला, त्यात इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वर जास्त पांढरं. सगळं एकत्र करून निष्कर्ष निघाला: हृदयाचा पंप उत्तम आहे, तेव्हा हा न्यूमोनिया. अँटिबायोटिक सुरू.

या तिन्ही गोष्टी पॅपिलरी स्नायू तुटल्याच्या बाजूने बोलत होत्या.

आधी मर्मर. मर्मर ऐकू येतो तो दोन कप्प्यांतल्या दाबाच्या फरकामुळे. स्नायू पूर्ण तुटला की झडपेची पाकळी मोकळी फडफडते, रक्त भसाभसा वरच्या कप्प्यात परत येतं. हा वरचा कप्पा अशा लोंढ्याची सवय नसलेला, लहान आणि ताठ. त्याचा दाब झटक्यात चढून खालच्या कप्प्याच्या जवळ पोचतो. फरक उरला नाही की आवाजही उरत नाही. गळती जितकी भयंकर, तितका मर्मर हळू किंवा थोडकाच, असा हा उलटा प्रकार आहे.

मग ६० टक्के. खालच्या कप्प्याला रक्त ढकलायला आता दोन वाटा आहेत, आणि वरची वाट सोपी आहे. कप्पा जोरात आकुंचन पावतो, आकडा छान येतो, पण त्यातलं बरंचसं रक्त शरीराकडे जातच नाही. शॉकमधल्या, फुफ्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाचं हृदय इकोच्या स्क्रीनवर जोमाने उड्या मारताना दिसलं, तर दिलासा वाटून न घेता संशय घ्यायला हवा.

आणि एक्स-रे. परत येणारी धार बऱ्याचदा उजव्या वरच्या फुफ्फुसाच्या शिरेच्या दिशेने जाते, म्हणून पाणी तिकडेच जास्त साचतं आणि न्यूमोनियासारखा पट्टा दिसतो. ताप नाही, आणि ही धाप काही मिनिटांत आलेली आहे. न्यूमोनिया असा येत नाही.

खालच्या भिंतीचा अटॅक हाही सुगावाच होता. पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या पॅपिलरी स्नायूला दोन नळ्यांतून रक्त मिळतं, मागच्या-आतल्या बाजूच्या स्नायूला बहुतेकांत एकाच नळीतून. म्हणून तुटतो तो बहुधा मागचा, आणि त्यासाठी अटॅक मोठा असावाच लागत नाही.

दुपारी वरिष्ठांनी इको पुन्हा केला, तेव्हा पाकळीच्या टोकाला लोंबणारा तुकडा वरच्या कप्प्यात ये-जा करताना दिसला. छातीवरून नीट दिसलं नाही तर अन्ननलिकेतून इको करावा. कलर डॉपलरमधली धार बारीक दिसली म्हणूनही फसू नये, तिरकी धार कडेला चिकटून जाते. पुढचा मार्ग ठरलेला असतो: बीपी साथ देत असेल तर नायट्रोप्रुसाइडसारखं औषध, बलून पंप, व्हेंटिलेटर आणि तातडीने झडपेचं ऑपरेशन. ऑपरेशनचा धोका मोठा आहे, पण त्याशिवाय बहुतेक रुग्ण काही दिवसांतच जातात. नुसतं बीपी वाढवणारी औषधं चढवत राहिलं, तर हृदयासमोरचा अडथळा वाढून आणखी रक्त मागे फिरतं.

चूक: पडदा फाटणं आणि झडप सुटणं एकच समजणं

दोन्हींत नवा मर्मर असू शकतो, दोन्हींत शॉक. पण रुग्णाकडे पाहिलं तरी फरक कळू शकतो. पडदा फाटलेल्याचा मर्मर खरखरीत आणि मोठा असतो, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला खाली. साधारण निम्म्या रुग्णांत तळवा ठेवला की थरथर हाताला लागते. मानेच्या शिरा फुगलेल्या, यकृत दुखरं, कारण डाव्या कप्प्यातलं रक्त उजव्यात घुसतंय. धाप असते, पण पॅपिलरी तुटलेल्या रुग्णासारखी घुसमट बऱ्याचदा नसते, यांतले काही जण उताणे झोपू शकतात. हे नियम नव्हेत, कल आहेत.

खात्री हवी असेल आणि इको धूसर असेल, तर उजव्या बाजूच्या कॅथेटरने रक्ताचे नमुने घ्यावेत. उजव्या वरच्या कप्प्यात ऑक्सिजन ५८ टक्के आणि फुफ्फुसाच्या धमनीत ८०, असं दिसलं तर मधल्या वाटेत कुठेतरी लाल रक्त मिसळतंय. झडपेच्या गळतीत अशी उडी दिसत नाही.

पुढच्या भिंतीच्या अटॅकमध्ये भोक बहुधा टोकाजवळ, सरळ आरपार असतं. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये ते मुळाशी, वाकडंतिकडं असतं आणि उजवा कप्पाही दुखावलेला असतो. दुसऱ्या प्रकाराचं भवितव्य जास्त वाईट.

इथली सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे 'सध्या स्थिर आहे, उद्या पाठवू'. पडदा फाटलेला रुग्ण काही तास, कधी एखादा दिवस बरा वाटतो. भोक रुंदावलं की त्याला सावरायला वेळ मिळत नाही. शस्त्रक्रिया कधी करावी यावर मात्र खरोखरच वाद आहे. ताज्या मेलेल्या स्नायूला टाके घालणं म्हणजे भिजलेल्या कागदाला टाके घालणं. अमेरिकेतल्या हृदयशल्यचिकित्सकांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू सुमारे ५४ टक्के आणि नंतर झालेल्यांत सुमारे १८ टक्के होते. यावरून 'आठवडाभर थांबा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. थांबलेल्यांपैकी जे त्या आठवड्यात गेले, ते या आकड्यात आलेच नाहीत. थांबायचं की नाही, हे बलून पंप, एक्मो आणि ऑपरेशन थिएटर हाताशी असलेल्या टीमने ठरवायचं.

चूक: बाहेरची भिंत फाटली की काहीच करता येत नाही

भिंत एकदम फाटली तर रुग्ण क्षणात कोसळतो. मॉनिटरवर ठोके चालू असतात, नाडी लागत नाही. अशांपैकी फार थोडे वाचतात, हे खरं. पण सगळ्यांची भिंत एकदम फाटत नाही. काहींत बारीक चीर पडते, रक्त थोडं झिरपतं, गुठळीने थांबतं, पुन्हा झिरपतं. या वेळी रुग्ण काय सांगतो? छातीत पुन्हा दुखलं, उलटी झाली, उगाच बेचैनी, मिनिटभर डोळ्यांपुढे अंधारी. बीपी खाली आणि नाडी वेगवान होण्याऐवजी हळू. हा भाग खोकला, उलटी किंवा शौचाला जोर देण्याच्या सुमाराला सुरू झालेला असू शकतो.

याला 'पुन्हा अटॅक' समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं किंवा हेपॅरिन वाढवलं, तर झिरपणं थांबायचं राहतं. म्हणून आधी प्रोब छातीवर ठेवा. अटॅकनंतर हृदयाभोवती थोडं पाणी अनेकांत दिसतं, त्याने घाबरू नये. पण थर १० मिलिमीटरच्या पुढे असेल, त्यात गुठळीसारखे पांढुरके भाग असतील, किंवा उजवा कप्पा दबत असेल, तर ते रक्त समजून शल्यचिकित्सकाला बोलवावं. सुई घालून काढायची वेळ आलीच तर बीपी जेमतेम धरेल एवढंच काढावं. सगळं रिकामं केलं की बीपी उसळतं आणि चीर उघडते.

तिसऱ्या दिवशी श्वास घेताना टोचतंय म्हणून डायक्लोफिनॅक देणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. अटॅकनंतर ही वेदनाशामकं आणि स्टिरॉइड टाळावीत, व्रण भरण्यात ती अडथळा आणतात. पॅरासिटामॉल चालतं.

रेफर करताना फोनवर 'अटॅकचा पेशंट, धाप आहे' एवढंच सांगितलं तर पलीकडे साधी आयसीयूची खाट तयार होते. अटॅक कुठल्या भिंतीचा, कितवा दिवस, बिघाड किती वाजता सुरू झाला, मर्मर किंवा थरथर आहे का, झोपता येतंय का, इकोत पंप कसा आणि हृदयाभोवती द्रव आहे का, हे सांगा. 'हृदय फाटल्याचा संशय आहे' हे वाक्य स्पष्ट म्हणा, आणि जिथे हृदयाची शस्त्रक्रिया होते तिथेच पाठवा. फक्त कॅथलॅब असलेल्या ठिकाणी पाठवलं तर रुग्णाला दुसऱ्यांदा अँब्युलन्समध्ये बसावं लागेल.