नोटीस न देता तारण दागिने विकले? पत्रात आकडा लिहा

सोनेतारण कंपनीला पत्र लिहिताना 'माझ्यावर अन्याय झाला' एवढ्यावर थांबू नका. किती रुपये हवेत, ते हिशेबासह लिहा. हिशेबासाठी तारणाची पावती काढा आणि त्यावरचं निव्वळ वजन घ्या, खडे-मण्यांसकटचं नव्हे. त्याला लिलावाच्या दिवशीच्या 22 कॅरेटच्या भावाने गुणा. मजुरी यात धरू नका, तिथेच मागणी लंगडी पडते.

समजा 40 ग्रॅम सोनं आणि भाव 9,000 रुपये, म्हणजे किंमत 3,60,000. कंपनीने ते 2,80,000 ला विकलं, 2,10,000 येणं कापून घेतलं आणि 70,000 तुम्हाला दिले. मग पत्रात असं लिहा:

"भारतीय करार कायद्याच्या कलम 176 नुसार तारण विकण्यापूर्वी वाजवी नोटीस देणं बंधनकारक आहे. मला ती मिळालेली नाही. पाठवली असल्यास तिची प्रत, पोस्टाचा क्रमांक व पोचपावती द्यावी. लिलावाची तारीख, राखीव किंमत आणि विक्रीचा तपशीलही द्यावा. त्या दिवशीच्या भावाने होणारी किंमत 3,60,000 आणि विक्रीची रक्कम 2,80,000 यांतल्या फरकाचे 80,000 रुपये 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत."

'व्याज थकलं आहे' हा मेसेज म्हणजे लिलावाची नोटीस नव्हे. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असेल, तर पत्ता बदलल्याचं कळवल्याचा पुरावा जोडा. तो नसेल तर बाजू कमकुवत होते, हे खरं.

पत्र शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते; तिथे हीच शिक्क्याची प्रत लागते.