केवायसी संपल्याचा संदेश आल्यास काय करावे

“प्रिय ग्राहक, आपल्या खात्याचे केवायसी आज संपले असून रात्री ९.३० वाजता खाते गोठवले जाईल, खालील लिंकवर माहिती भरावी,” असा संदेश आल्यास लिंकला हात न लावता आधी तो कोणाकडून आला आहे ते पाहावे. बँकांचे एसएमएस नोंदणीकृत अक्षरी नावाने येतात. दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आलेला असा संदेश खोटाच समजावा. मात्र नाव बरोबर दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण नावाची नक्कलही होते.

त्यानंतर मुदतीचा विचार करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या खात्याचे केवायसी दर १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खात्याचे ८ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या खात्याचे २ वर्षांनी अद्ययावत करावे लागते. शिवाय २०२५च्या सुधारणेनुसार बँकेने मुदतीपूर्वी किमान तीन वेळा सूचना द्यायची असून त्यांतली एक पत्राने द्यायची असते. त्यामुळे सकाळी संदेश आणि रात्री खाते बंद, हा प्रकार बँकेचा नव्हे.

तरीही शंका असल्यास पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा शाखेत विचारावे; संदेशातला क्रमांक वापरू नये. केवायसी खरोखरच बाकी निघाले आणि माहितीत काहीही बदल नसेल, तर नोंदणीकृत मोबाइल, ईमेल, एटीएम किंवा नेटबँकिंगद्वारे दिलेले स्वयंघोषणापत्र पुरते. त्यासाठी पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कोणीही मागत नाही.

लिंक उघडून `KYC_Update.apk` अशी फाइल फोनमध्ये घेतली गेली असेल, तर प्रकरण अधिक गंभीर आहे. असे अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळाली की ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. “मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही” असे म्हणणाऱ्यांचे पैसे बहुधा असेच गेलेले असतात. अशा वेळी फोन तत्काळ एअरप्लेन मोडवर टाकावा, वायफायही बंद करावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग थांबवावे. पैसे गेले असल्यास लगेच १९३० वर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधीच ती अडवता येते. अॅप त्यानंतर काढावे. ते निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये त्याला दिलेला डिव्हाइस अॅडमिनचा अधिकार आधी रद्द करावा. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरूनच बदलावेत.

बँकेकडून तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि वेळ लिहून ठेवावी. ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याच्या माथी येते, त्यानंतरचे बँकेच्या; म्हणून ती वेळ पुढे वादात उपयोगी पडते.