पेटीवाल्याला मिडी कीबोर्ड देण्याआधीची तयारी

आमच्याकडे भजन आणि भावगीतांच्या कार्यक्रमात आता बऱ्याच ठिकाणी पेटीवालेच कीबोर्डवर बसतात, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, त्यात एक पेटीचा आवाज, एक पियानो आणि मागे भरायला सर्ज एक्सटी या सिंथचा पॅड, एवढाच सेटअप. पण पेटीवर आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे, बोट जोरात दाबून काही होत नाही. त्यामुळे पेटीवाल्याचं बोट हलकं आणि एकसारखं पडतं, आणि डावा हात सतत काहीतरी हलवायला मागतो. नॉब, फेडर आणि वेलॉसिटी, म्हणजे बोट किती जोरात पडलं तो आकडा, यांची सगळी तयारी या दोन गोष्टी धरून करायची, तयार टेम्प्लेट उचलून त्यांच्यापुढे ठेवायचं नाही.

सगळ्यात आधी कीबोर्ड काय पाठवतोय ते डोळ्यांनी बघा. रीपरच्या सेटिंगमधे त्या कीबोर्डला नोट्ससाठी इनपुट बहुतेक चालू असतो, पण कंट्रोल मेसेजेससाठीचा इनपुट वेगळा चालू करावा लागतो, तो बंद असेल तर पुढे लर्न करताना, म्हणजे नॉब प्लगिनच्या पॅरामीटरला जोडताना, तो फिरवूनही काहीच पकडलं जात नाही. मग ट्रॅकवर ReaControlMIDI टाका, त्याचा लॉग उघडा आणि एकेक नॉब, एकेक फेडर हलवून त्याचा सीसी नंबर, म्हणजे कंट्रोल मेसेजचा क्रमांक, कागदावर लिहा. हात काढल्यावरही एखादा फेडर 63, 64, 63 असं स्वतःहून पाठवत बसला तर तो झिजलाय किंवा आत धूळ गेलीये, त्याला आवाजाचं काम देऊ नका. आणि नॉब न थांबता गोल गोल फिरणारा असेल आणि लॉगमधे फक्त 1 आणि 127 किंवा 65 आणि 63 येत असतील तर तो रिलेटिव्ह मोडमधे आहे, तसाच जोडला तर पॅरामीटर या टोकाहून त्या टोकाला किंवा मधेच उड्या मारतो. लर्नच्या खिडकीत तोच रिलेटिव्ह प्रकार निवडा नाहीतर कीबोर्डमधेच अ‍ॅब्सोल्यूट करून घ्या.

आता डाव्या हाताचा फेडर, म्हणजे भाता. ह्याला सीसी 11 द्या, एक्सप्रेशन. सीसी 7 देऊ नका, तो व्हॉल्यूम आहे, तो एकदा बॅलन्स लावून सोडून द्यायचा असतो आणि गाण्यात वरखाली करायला 11 असतो. बरेच आवाज 11 आपोआप ऐकतात, तुमचा पेटीचा प्लगिन ऐकत नसेल तर त्याच्या व्हॉल्यूम पॅरामीटरला हात लावून Param मधून Learn करा आणि फेडर हलवा. कीबोर्डच्या एडिटरमधे फेडरची किमान व्हॅल्यू बदलता येत असेल तर 0 ऐवजी 25 च्या आसपास ठेवा, कारण वाजवताना भाता कधी पूर्ण रिकामा होत नाही आणि फेडर चुकून तळाला गेला तर स्वर एकदम गायब व्हायला नको. अजून एक, फेडर हलवल्याशिवाय तो काहीही पाठवत नाही, म्हणजे तो खाली दिसत असला तरी प्लगिनमधे एक्सप्रेशन पूर्ण वर असू शकतं. म्हणून पहिल्या स्वराआधी फेडर एकदा हलवून हव्या त्या जागी आणायचा हे वाजवणाऱ्याला सांगूनच ठेवा.

पॅडच्या फिल्टर कटऑफला एक नॉब पुरे. सीसी 74 ची प्रथा आहे, पण तुमच्या कीबोर्डवर तो आधीच कुठे वापरात असेल तर 20 ते 31 किंवा 102 ते 119 मधला घ्या, ते मोकळे असतात. 120 आणि त्याच्या पुढचे मात्र घेऊच नका, तिथे 123 म्हणजे सगळे स्वर बंद असा हुकूम असतो. साधा नॉब फक्त 128 पायऱ्या पाठवतो आणि कटऑफ 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ असेल तर ते जवळपास दहा सप्तकं झाली, म्हणजे एका पायरीला साधारण एक अर्धस्वर. रेझोनन्स वाढवलेला असला की हळू फिरवताना जिना चढल्यासारखा आवाज येतो तो ह्याचमुळे. उपाय असा की पूर्ण रेंज द्यायचीच नाही. Learn ऐवजी Param मधलं MIDI link वापरा, तिथे ऑफसेट आणि स्केल असतं, 200 हर्ट्झ ते 6 किलोहर्ट्झ एवढाच पट्टा दिला की पायरी निम्मी होते. फक्त लक्षात ठेवा, लिंक त्या ट्रॅकवर आलेली मिडी ऐकते आणि लर्न थेट कीबोर्ड ऐकतो. लर्न केलेल्या नॉबला Soft takeover लावा, म्हणजे नॉब प्लगिनच्या जागेवर पोचेपर्यंत काही बदलत नाही. नाहीतर ध्रुवपदात हात लागला की आवाज एकदम दचकतो.

राहिली वेलॉसिटी. पेटीच्या आवाजात वेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी प्लगिनमधेच शून्य करा. खरा प्रश्न पियानोचा आहे. वाजवणाऱ्यालाच बसवा, एकच स्वर हळू, नेहमीसारखा आणि जोरात असा दहा दहा वेळा वाजवायला लावा आणि लॉग बघा. समजा 28, 45 आणि 80 च्या आसपास आकडे आले, म्हणजे त्याचं जोरातलं वाजवणंसुद्धा पियानोच्या वरच्या सॅम्पल्सपर्यंत जात नाहीये. तेव्हा आधी कीबोर्डचा स्वतःचा कर्व्ह लिनिअर करा, प्लगिनचाही लिनिअर करा, कारण तीन ठिकाणी कर्व्ह असले की कोण काय करतंय ते कळतच नाही. मग पियानोच्या आधी हा छोटा जेएसएफएक्स, म्हणजे रीपरमधेच लिहिता येणारा प्लगिन, टाका:

```
desc:Velocity Curve
slider1:0.6<0.3,3,0.01>Gamma
@block
while (midirecv(ofs, m1, m2, m3)) (
  (m1 & $xF0) == $x90 && m3 > 0 ? (
    m3 = max(1, floor(127*(m3/127)^slider1 + 0.5));
  );
  midisend(ofs, m1, m2, m3);
);
```

0.6 ला 28 चे 51 होतात, 45 चे 68 आणि 80 चे 96. स्लायडर 1 वर ठेवला तर काहीच बदलत नाही, 1 च्या वर नेला तर उलट जड हाताच्या माणसासाठी आवाज खाली येतो. ती m3 > 0 ची अट काढू नका, कारण बरेच कीबोर्ड स्वर सोडल्यावर शून्य वेलॉसिटीची नोटच पाठवतात, तिचं 1 झालं की स्वर सुटतच नाही, अडकून राहतो. हा कर्व्ह ट्रॅकच्या साध्या एफएक्समधे ठेवा, इनपुट एफएक्समधे नको, म्हणजे रेकॉर्ड होताना बोटाचे मूळ आकडे राहतात आणि नंतर 0.6 चं 0.7 करता येतं. आकडा कानानेच ठरवायचा, एक हळू आलापासारखा तुकडा आणि एक जलद तुकडा वाजवून घ्या, जलद तुकड्यात सगळे स्वर एकाच जोराने ऐकू यायला लागले तर कर्व्ह जास्त झालाय, 0.7 किंवा 0.75 वर या.

शेवटी सेव्ह दोन ठिकाणी करायचं, फेडर-नॉबचे नंबर कीबोर्डच्या प्रीसेटमधे आणि लर्न, लिंक, कर्व्ह सगळं रीपरच्या ट्रॅक टेम्प्लेटमधे. मग कीबोर्डची वायर काढा, लॅपटॉप बंद करून परत चालू करा, कार्यक्रमात लावणार त्याच यूएसबी पोर्टला जोडा आणि फेडर, नॉब, हळू स्वर, जोरात स्वर असं सगळं एकदा लॉगमधे बघून घ्या.