प्रोजेक्टर घेताना: लॅम्प, एलईडी की लेझर?

दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, "लॅम्पवाला हवा की लेझर?" या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यात शेवटी द्यायचं. त्याआधी दोन आकडे स्वतःकडे हवेत: पडद्यावर बाहेरचा उजेड किती पडतो, आणि वर्षात मशीन किती तास चालणार. हे दोन आकडे हातात असले की तिघांपैकी एक पर्याय बहुतेक वेळा आपोआप बाद होतो आणि उरलेल्या दोघांत फक्त पैशांचा हिशोब राहतो.

उदाहरणासाठी लातूरकडच्या एखाद्या कोचिंग क्लासची खोली धरू. पडदा आठ फूट रुंद, पाच फूट उंच. मुलं वही उघडून बसलेली, त्यामुळे पूर्ण अंधार करता येत नाही. दिवसाला सहा तास शिकवणं, वर्षाचे २८० दिवस.

पायरी १: पडद्यावरचा उजेड मोजा

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर जिथे 'काळं' दिसतं तिथे प्रत्यक्षात खोलीतलाच उजेड पडलेला असतो. म्हणून ट्यूबलाइट चालू असताना अक्षरं धुवून निघाल्यासारखी, फिकट दिसतात. मजकूर आणि आकृत्या मागच्या बाकावरून वाचता याव्यात यासाठी पांढरा भाग काळ्या भागाच्या निदान सातपट उजळ हवा, म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड खोलीच्या उजेडाच्या सहापट हवा.

मोजायला फोन पुरतो. एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्स या एककात दाखवणारं लक्समीटरचं एखादं मोफत ॲप घ्या, फोनची पाठ पडद्याला टेकवा, तोंड खोलीकडे ठेवा आणि स्वतःची सावली पडू देऊ नका. पडद्याच्या चार-पाच जागी आकडा पाहून सरासरी काढा. फोनचे सेन्सर फार अचूक नसतात, पण ६० आणि २०० यांतला फरक ते नक्की सांगतात.

आपल्या खोलीत सगळ्या ट्यूब चालू असताना २०० लक्स आले, आणि फळ्याजवळच्या दोन ट्यूब बंद केल्यावर ६० लक्स, असं समजू. पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३.७ चौरस मीटर. ६० लक्सला सहापट म्हणजे ३६० लक्स, गुणिले ३.७, म्हणजे जवळपास १,३४० लुमेन. लुमेन म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर फेकलेला एकूण उजेड. सगळ्या ट्यूब चालू ठेवायच्या तर हाच आकडा ४,४०० च्या वर जातो. म्हणून प्रोजेक्टर पाहायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून पुढच्या ट्यूबचं बटण वेगळं करून घ्या. एवढ्या किरकोळ खर्चात जो फरक पडतो तो महागडं मॉडेल घेऊनही पडत नाही.

पायरी २: किती लुमेनचं मशीन लागेल ते काढा

१,३४० लुमेन प्रत्यक्ष पडद्यावर, आणि तेही काही वर्षांनंतर, मिळायला हवेत. खोक्यावरचा आकडा नव्या मशीनचा असतो, आणि बहुधा सर्वात उजळ मोडमधला. त्या मोडमध्ये चित्रावर हिरवट झाक येते, म्हणून रोज कोणी तो वापरत नाही. चांगल्या रंगांचा मोड लावला की साधारण पाव भाग उजेड जातो असं धरा.

आता वय. लॅम्प म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा, प्रचंड दाबाखाली जळणारा छोटा दिवा. कंपनी '५,००० तास' म्हणते तेव्हा सहसा अर्थ असा असतो की तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येईल. त्यातही सुरुवातीच्या काहीशे तासांत घसरण वेगाने होते. म्हणून लॅम्पसाठी गरजेच्या दुप्पट धरायचं: २,६८०, आणि मोडची पाव घट भरून काढली की साधारण ३,६०० लुमेन.

लेझरमध्ये बहुतेक मशीनांत निळ्या लेझर डायोडचा उजेड पिवळ्या फॉस्फरच्या, म्हणजे उजेड पडला की स्वतः चमकणाऱ्या पदार्थाच्या, चाकावर पडतो आणि त्यातून पांढरा उजेड तयार होतो. २०,००० तासांचं आयुष्य हेही उजेड निम्मा होईपर्यंतचंच, पण उतार सावकाश असतो. तिथे दीडपट धरली तरी भागतं, म्हणून २,७०० ते ३,००० लुमेनचं लेझर ३,६०० च्या लॅम्पचं काम करतं. दुकानात मात्र दोन्ही 'समान लुमेन'ची मशीनं शेजारी ठेवून भावाची तुलना केली जाते. त्याला भुलू नका.

आणि एलईडी? दिवा २०,००० ते ३०,००० तास टिकतो, बदलावा लागत नाही, पण बाजारातली बहुतेक एलईडी मशीनं काहीशे ते हजारभर खऱ्या लुमेनची असतात. आपल्या क्लासमधून एलईडी इथेच बाद.

घरात गोष्ट वेगळी. पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत ८० इंची चित्रासाठी ५०० खरे लुमेन म्हणजे पडद्यावर २८० लक्सच्या आसपास. चित्रपटगृहातल्या पडद्याचा प्रमाण उजेड साध्या पांढऱ्या पडद्यावर दीडशे लक्सइतका भरतो, म्हणजे रात्री सिनेमा बघायला एवढं भरपूर झालं. घरच्या वापरासाठी मी तरी पहिल्यांदा एलईडीच पाहीन.

अडचण आहे ती 'खरे' या शब्दात. ऑनलाइन चार-पाच हजारांच्या खोक्यावर '९,००० लुमेन' छापलेलं असतं. पडताळा सोपा आहे: मशीन किती वॅट घेतं ते बघा. चांगला लॅम्प प्रोजेक्टर वॅटमागे दहा-बारा लुमेन देतो, चांगला लेझर पंधरा-वीस. साठ-सत्तर वॅटचं खोकं नऊ हजार लुमेन देऊच शकत नाही, काहीशे दिले तरी खूप. आन्सी किंवा आयएसओ या प्रमाणित मोजणीचा उल्लेख नसलेला लुमेनचा आकडा वाचलाच नाही असं समजा.

दुकानात अंधारी खोली मिळाली तर स्वतःही मोजता येतं. पूर्ण पांढरं चित्र लावा, त्याचे तीन ओळी आणि तीन रकाने असे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजा, सरासरीला चित्राच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणा. येतील ते लुमेन. फोनची चूक धरूनही निम्मेसुद्धा आले नाहीत तर पुढे बोलायची गरज नाही.

पायरी ३: तासाचा खर्च मांडा

खालचे भाव नमुन्याचे आहेत. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला.

लॅम्प मशीन ५०,००० रुपये, वीज ३०० वॅट. लेझर मशीन ८५,००० रुपये, वीज २०० वॅट. विजेचा दर युनिटला १० रुपये. हाउसिंगसकट, म्हणजे दिवा बसवलेल्या चौकटीसकट, नवा लॅम्प १०,००० रुपयांचा, आणि मागचे बाक तक्रार करायला लागतात म्हणून तो ४,००० तासांनाच बदलायचा.

लॅम्पचा तास मग असा पडतो: वीज ३ रुपये, दिव्याची झीज अडीच रुपये, एकूण साडेपाच. लेझरचा तास फक्त विजेचे २ रुपये. दर तासाला साडेतीन रुपये वाचतात. किमतीतला फरक ३५,००० रुपयांचा, म्हणजे तो भरून निघायला १०,००० तास लागतात. आपला क्लास वर्षाला १,६८० तास चालतो, म्हणजे सहा वर्षं.

पाच वर्षांत मशीन बदलायचंच असेल तर लॅम्प स्वस्त. आठ-दहा वर्षं त्याच खोलीत राहणार असेल तर लेझर. परीक्षेच्या तोंडावर लॅम्प गेल्यावर बुडणारे तास हिशोबात धरले तर मी क्लाससाठी लेझरकडे झुकेन. सोसायटीच्या हॉलमध्ये वर्षाला ३०० तास वापर असेल तर मात्र तोच फरक भरून निघायला तेहेतीस वर्षं लागतील. तिथे लेझरचा आग्रह धरणाऱ्या कमिटीला हा हिशोब दाखवा.

मूळ कंपनीचा नसलेल्या स्वस्त 'कंपॅटिबल' लॅम्पबद्दल एकच सांगतो. निम्म्या भावात मिळतो, पण काही जण फक्त काचेचा दिवा बदलून जुनं हाउसिंग परत देतात. असा दिवा नीट मध्यावर बसला नाही तर नवा असूनही चित्राची एक बाजू काळपट दिसते.

पायरी ४: पंख्याचा आवाज

माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा बऱ्याचदा कमी उजेडाच्या इको मोडमधला असतो. लॅम्प मशीन इकोमध्ये ३० च्या आत राहिलं तरी पूर्ण उजेडात ३५-३८ पर्यंत जातं. क्लासमध्ये डोक्यावर छताचे पंखे फिरत असताना हा आवाज कुणाला ऐकूही येत नाही, तिथे आवाजासाठी जास्त पैसे मोजू नका. रात्री घरात, मशीन डोक्यामागे दोन फुटांवर असेल तर तो प्रत्येक हळू संवादात ऐकू येतो.

लेझर म्हणजे शांत, असं समीकरण नाही. उष्णता तिथेही बाहेर काढावीच लागते. सगळ्यात त्रासदायक आवाज स्वस्त एलईडी खोक्यांचा असतो, कारण छोटा पंखा जोरात फिरतो आणि बारीक किणकिण करत राहतो. म्हणून दुकानात पूर्ण उजेडावर वीस मिनिटं मशीन चालू ठेवून मगच कान द्या, कारण पंखा तापल्यावर वेग घेतो. नवीन मशीन उगाच ओरडत असेल तर मेनूत High Altitude चालू राहिलं आहे का पाहा. हा मोड उंच डोंगराळ भागासाठी असतो आणि पंखा सतत जोरात फिरवतो. पुण्या-सोलापूरकडे त्याची गरज नाही.

पायरी ५: वीज जाते का?

लॅम्प गरम असताना वीज गेली की पंखाही थांबतो आणि दिवा आतल्या आत तापतो. वारंवार असं झालं तर त्याचं आयुष्य घटतं. शिवाय वीज आली तरी गरम दिवा लगेच पेटत नाही, काही मिनिटं थांबावं लागतं. एलईडी आणि लेझर लगेच सुरू होतात. रोज भारनियमन असलेल्या गावात लॅम्प घ्यायचाच असेल तर पंधरा मिनिटं तरी मशीन पेलेल असा यूपीएस त्याच खर्चात धरा.

पायरी ६: बिल करण्यापूर्वी

वॉरंटी तीन भागांत विचारा: मशीनची किती, प्रकाशस्रोताची किती, आणि तासांची मर्यादा आहे का. मशीनला दोन-तीन वर्षं असली तरी लॅम्पला बरेचदा काही महिनेच असतात. लेझरमध्ये 'तीन वर्षं किंवा अमुक तास, जे आधी होईल ते' असं कलम असतं. ते अमुक तास तुमच्या वर्षाच्या तासांनी भागून पाहा. लेझरचं मॉड्यूल घरी बदलता येत नाही. वॉरंटीनंतर ते गेलं तर दुरुस्तीचा अंदाज कधीकधी नव्या मशीनच्या जवळ जातो. म्हणून त्याची किंमत आणि सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे हे कोटेशनवर लिहून घ्या. लॅम्प मशीन असेल तर त्याच कोटेशनवर मूळ लॅम्पचा आजचा भावही मागा.

जुनं मशीन घेत असाल तर मेनूतला Lamp Hours हा आकडा पाहा, पण त्यावर विसंबू नका, कारण लॅम्प बदलल्यावर तो शून्य करता येतो. लॅम्पचा उजेड लुकलुकत असेल किंवा पांढरा रंग पिवळट पडला असेल तर नव्या लॅम्पचा खर्च सौद्यातून वजा करा. स्वस्त एलईडीत चित्राच्या मध्यभागी पिवळा डाग दिसला तर आतली पोलरायझर नावाची प्रकाश गाळणारी पट्टी जळालेली असते आणि ते मशीन फुकटही घेऊ नये. वापरात कधी लॅम्प फटकन फुटला तर मशीन बंद करून खिडक्या उघडा, खोली रिकामी करा आणि तुकड्यांना हात न लावता मशीन सर्व्हिसला द्या. त्यात पारा असतो.